उर्दू टेबल स्कॅनमधून काढताना कॉलम उलटे येतात, त्यावर उपाय

प्रश्न: आमच्या कोल्हापुरातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेचे छापील उर्दू अहवाल स्कॅन केलेत. त्यातली देणगीदारांची यादी ओसीआर करून सीएसव्हीमध्ये काढली, तर सगळे कॉलम आरशात बघितल्यासारखे उलटे आले. पायथनमध्ये प्रत्येक ओळ रिव्हर्स केली, तर नावं आणि आकडेच उलटे झाले. मग कॉमावर तोडून फक्त कॉलम उलटवले, तर बऱ्याच ओळी बरोबर आल्या, पण काहींत भलताच मजकूर रकमेखाली गेला. नोटपॅडमध्ये उघडलं तर आणखी तिसरंच दिसतं. मला उर्दू वाचता येत नाही, अंदाजाने चाललंय. नेमकं काय दुरुस्त करायचं?

उत्तर:

नमस्कार. तुम्ही ज्याला एक बिघाड समजताय, ते तीन वेगवेगळे क्रम आहेत. एक, शब्दातल्या अक्षरांचा क्रम. दोन, रकान्यांचा म्हणजे कॉलमचा क्रम. तीन, हे सगळं पडद्यावर कसं दिसतं तो क्रम. यातला एखादाच बिघडलेला असतो आणि बाकीचे दोन ठीक असतात. सगळी ओळ एकदम उलटवली की बिघडलेला क्रम सुधारतो आणि चांगला होता तो बिघडतो. तुमची नावं आणि आकडे नेमके असेच गेले. म्हणून आधी कोणता क्रम उलटा आहे ते शोधायचं आणि तेवढ्यालाच हात लावायचा.

मी इथे जुन्या कागदांचं स्कॅनिंग आणि त्यातून तक्ते काढण्याचं काम करतो. आमच्याकडे मोडी आणि देवनागरी कागद जास्त येतात, आणि दोन्ही लिपी डावीकडून उजवीकडे जातात. त्यामुळे आपले हात आणि आपली सगळी साधनं डावा रकाना पहिला धरूनच चालतात. टेबल काढणारे बहुतेक प्रोग्रॅमही तेच करतात: रकाने डावीकडून मोजायचे आणि त्याच क्रमाने लिहायचे. उर्दू तक्त्यात नंबर शुमार, म्हणजे आपला अनुक्रमांक, अगदी उजव्या टोकाला असतो आणि कैफ़ियत, म्हणजे शेरा, डाव्या टोकाला. प्रोग्रॅम डावीकडून सुरू झाला की कैफ़ियत पहिली आणि नंबर शुमार शेवटी. मजकूर ओसीआरने बरोबर वाचलेला असतो, फक्त रकान्यांना क्रमांक देणाऱ्याने चुकीच्या टोकाकडून मोजलेलं असतं.

आधी अक्षरं तपासा

उर्दू येत नसली तरी ही तपासणी करता येते. तक्त्याच्या शीर्षकात ‘नाम’ हा शब्द असतोच. उर्दूत तो नून, अलिफ़, मीम अशा तीन अक्षरांचा आहे. फाइलमध्ये अक्षरं वाचण्याच्या क्रमानेच साठवलेली असली पाहिजेत, मग ती पडद्यावर कुठूनही कुठे जावोत. शीर्षकाच्या ओळीतला प्रत्येक रकाना असा छापून बघा:

```python
for i, v in enumerate(rows[0]):
    print(i, [hex(ord(c)) for c in v])
```

एखाद्या रकान्यात `0x646, 0x627, 0x645` असा क्रम दिसला, तर अक्षरं सरळ आहेत. `0x645, 0x627, 0x646` दिसला, तर अक्षरं उलटी साठवली गेलीत. स्कॅनवर थेट टेसरॅक्ट चालवलं असेल तर सहसा पहिलंच दिसतं. दुसरा प्रकार जास्त करून तेव्हा होतो, जेव्हा पीडीएफमध्ये कोणीतरी आधीच घालून ठेवलेला लपलेला मजकूर आपण उपसतो. तुमच्याकडे मूळ स्कॅन आहेत, तेव्हा त्या लपलेल्या मजकुराच्या नादी लागू नका, चित्रावरूनच पुन्हा काढा.

याच छपाईत नाम कितव्या क्रमांकाला आलंय तेही कळतं. सात रकान्यांच्या तक्त्यात ते १ ला हवं, कारण मोजणी ० पासून आहे. ५ ला आलं तर रकाने उलटे आहेत. हा निकाल पडद्यावरच्या दिसण्यावर अवलंबून नाही, म्हणून यावर विश्वास ठेवा.

आकड्यांचं वेगळं बघा. उर्दू मजकूर उजवीकडून जातो, पण त्यातली संख्या डावीकडून उजवीकडेच लिहितात, आपल्यासारखी. बारामधला एक डावीकडे आणि दोन उजवीकडे. म्हणून संख्या कधीही उलटवायची नसते. ती उलटली असेल तर अनुक्रमांकाचा रकाना लगेच सांगतो: ९ नंतर १०, ११, १२ ऐवजी ०१, ११, २१ येतं.

एक धोका इथेच सांगतो. नेटवर शोधलंत की `arabic_reshaper` आणि `get_display` वापरा असा सल्ला हमखास मिळेल. ती साधनं उजवीकडून लिहिणं ज्यांना कळत नाही अशा ठिकाणी, उदाहरणार्थ चित्रावर अक्षरं उमटवताना, वापरायची आहेत. ती चांगला मजकूर घेतात आणि दिसण्यापुरता उलटवून देतात. त्यातून निघालेलं सीएसव्हीत साठवलं, तर पडद्यावर क्षणभर बरं वाटेल, पण शोध, क्रमवारी, जुळवणी सगळं कायमचं मोडेल.

रकाने नुसते उलटवून का भागत नाही

तुमच्या काही ओळींत भलताच मजकूर रकमेखाली का गेला, ते उदाहरणानेच बघू. समजा यादीचे सात रकाने उजवीकडून असे आहेत: नंबर शुमार, नाम, वल्दियत म्हणजे वडिलांचं नाव, सुकूनत म्हणजे गाव, रुपये, आणे, कैफ़ियत. आता या तीन ओळी घ्या. पहिला देणगीदार कागलचा, त्याने पाच रुपये रोख दिले. दुसरा हातकणंगल्याचा, त्याने पैसे दिले नाहीत, ज्वारी दिली आणि तशी नोंद कैफ़ियतमध्ये आहे. तिसरा मिरजेचा, त्याने फक्त आठ आणे दिले.

ओसीआरला कोरा रकाना दिसत नाही. जिथे शाई नाही तिथे त्याच्या लेखी काहीच नाही. त्यामुळे तिन्ही ओळींतून प्रत्येकी पाचच तुकडे मिळतात. ते उलटवून उजव्या टोकाकडून भरले की पहिल्या ओळीत नंबर, नाम, वल्दियत, कागल आणि रुपयांखाली ५ असं नीट बसतं. दुसऱ्या ओळीत रुपयांखाली ज्वारी येते. ती विसंगती निदान डोळ्यांना दिसते. तिसऱ्या ओळीत मात्र रुपयांखाली ८ येतं. आठ आण्यांचे आठ रुपये झाले, आणि ओळ दिसायला अगदी स्वच्छ! ज्वारीची ओळ तुम्ही पकडलीत, ही आठ आण्यांची ओळ तुमच्या फाइलमध्ये अजून बसलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

तिन्ही ओळींत तुकडे पाचच, पण प्रत्येकीत गळालेले रकाने वेगळे. एकदा सीएसव्ही झाल्यावर ही माहिती त्यात उरतच नाही, म्हणून नंतर कितीही हुशार कोड लिहिला तरी ती परत मिळणार नाही. ती फक्त कागदावर आहे: तो ८ कोणत्या दोन रेघांच्या मध्ये बसलाय यात. म्हणून रकान्यांचा क्रम ओसीआरच्या आधी, चित्रावरच ठरवायचा.

मी कसं करतो

पान ३०० डीपीआयला स्कॅन केलेलं आणि सरळ केलेलं हवं. पान जरा जरी तिरकं असेल तरी उभी रेघ वरून खाली येईपर्यंत शेजारच्या रकान्यात सरकते, म्हणून तिरकेपणा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग उभ्या रेघा डाव्या कडेपासून किती पिक्सेलवर आहेत ते शोधायचं. पानं थोडी असतील तर चित्र उघडून कर्सर ठेवून मोजा. जास्त असतील तर ओपनसीव्हीमध्ये लांब, अरुंद, उभ्या कर्नलने ओपनिंग केलं की अक्षरं पुसली जातात आणि उभ्या रेघाच उरतात. आडव्या रेघांना तीच युक्ती, कर्नल आडवा घेऊन.

मग प्रत्येक घर कापायचं, आणि कापतानाच उजवीकडून सुरुवात करायची:

```python
xs = [120, 620, 750, 880, 1160, 1640, 2140, 2360]  # उभ्या रेघा
xr = xs[::-1]                                      # उजवीकडून
rows = []
for top, bot in zip(ys, ys[1:]):                   # ys: आडव्या रेघा
    row = []
    for right, left in zip(xr, xr[1:]):
        cell = img[top+6:bot-6, left+6:right-6]
        t = pytesseract.image_to_string(
            cell, lang="urd", config="--psm 6")
        t = t.replace("\u200e", "").replace("\u200f", "")
        row.append(" ".join(t.split()))
    rows.append(row)
```

आठ रेघा म्हणजे सात घरं. २१४० ते २३६० मधलं घर नंबर शुमार, ते ० व्या जागी. १६४० ते २१४० नाम, ते १ ल्या जागी. ७५० ते ८८० रुपये आणि ६२० ते ७५० आणे. मिरजेच्या देणगीदाराचा ८ पानावर ६७० च्या आसपास असेल, तर तो आण्यांच्याच घरात कापला जातो आणि रुपयांच्या घरातून रिकामी जागा मिळते. रिकामी असली तरी जागा मिळतेच, म्हणून प्रत्येक ओळीत नेहमी सात घरं. इथे काहीही उलटवलेलं नाही हे लक्षात घ्या. घरातल्या शब्दांचा आणि आकड्यांचा क्रम टेसरॅक्टने सांभाळला, घरांचा क्रम आपण रेघांवरून घेतला.

मधल्या `200e` आणि `200f` या अदृश्य दिशाखुणा आहेत. उजवीकडून जाणाऱ्या मजकुरात टेसरॅक्ट त्या घालतं. दिसत नाहीत, `strip()` ने जात नाहीत, आणि संख्येला चिकटल्या तर `int()` अडतं. त्या काढल्या की उर्दू आकडे पायथन तसेच ओळखतं. एक्सेल मात्र त्यांना संख्या मानत नाही, म्हणून रकमेचे आकडे 0-9 मध्ये करूनच लिहा.

सहा पिक्सेलची कड का सोडली? रेघेचा तुकडा घरात आला तर उर्दूत तो सहज अलिफ़ किंवा एक हा आकडा वाचला जातो, कारण दोन्ही उभ्या काठीसारखेच असतात. पण फार कड सोडली तर अक्षरं कापली जातात. जुनी उर्दू छपाई बहुधा नस्तालिक़ वळणाची असते आणि त्यात शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो, कधी रेघेला टेकतो, कधी ओलांडतो. तुमच्या पानावर दोन-तीन घरं कापून डोळ्यांनी बघा आणि कड कमीजास्त करा.

ओळींमध्ये आडव्या रेघाच नसतील, आणि छापील याद्यांत बऱ्याचदा नसतात, तर नंबर शुमारच्या पट्टीतले आकडे कोणत्या उंचीवर आहेत त्यावरून ओळी पाडा. तो रकाना सहसा कोरा नसतो. उभ्या रेघाही नसतील तर रकान्यांमधल्या पांढऱ्या पट्ट्यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि तिथे लांब नाव शेजारच्या पट्टीत घुसलं की घोळ होतो. असं पान असेल तर त्यावर हाताने रेघा मारून घेणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी

फीस किंवा रक़म असं एकच शीर्षक वर आणि त्याखाली रुपये-आणे असे दोन पोटरकाने असतात तिथे थांबून बघा. उर्दू वाचनाच्या क्रमाने रुपये उजवीकडे आणि आणे त्यांच्या डावीकडे असायला हवेत. पण काही तक्त्यांत आकड्यांचा भाग इंग्रजी हिशेबवहीच्या पद्धतीने, म्हणजे रुपये डावीकडे आणि आणे उजवीकडे, असाही असू शकतो. हे कोडला कळणार नाही, शीर्षक वाचूनच ठरवायचं. तसं निघालं तर फक्त त्या दोन घरांची अदलाबदल करा, बाकी काही नको.

अहवाल शिवलेला असेल आणि दोन पानं एकत्र स्कॅन केली असतील, तर आणखी एक गोष्ट. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, म्हणून जोडपानातलं उजवं पान आधीचं. पानं वेगळी करणारे प्रोग्रॅम बहुधा डाव्याला पहिला क्रमांक देतात. अनुक्रमांक २६ पासून ५० पर्यंत जाऊन मग १ वर आला, तर पानांची अदलाबदल झालेली आहे, रकान्यांची नव्हे.

नोंदी हाताने लिहिलेल्या असतील तर टेसरॅक्टकडून काही होणार नाही. तरीही घरं कापण्याचा वरचा भाग तसाच वापरा. टंकलेखकाला घराचं चित्र आणि त्याचा क्रमांक दिला, की मजकूर योग्य रकान्यातच जातो.

नोटपॅडचं कोडं

फाइल बरोबर असूनही नोटपॅडमध्ये ती वेडीवाकडी दिसते याचं कारण कॉमा. युनिकोडच्या दिशानियमांत उर्दू अक्षरांमधला कॉमा आजूबाजूच्या मजकुराची दिशा घेतो, पण दोन संख्यांच्या मधला एकटा कॉमा संख्येचाच भाग धरला जातो. रुपये ५ आणि आणे ८ हे शेजारी आले की `5,8` हे एकसंध संख्येसारखं डावीकडून उजवीकडे दिसतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे उर्दू रकाने उजवीकडून डावीकडे जातात. म्हणून उजवीकडून वाचणाऱ्याला तिथे आणे आधी आणि रुपये नंतर दिसतात. साठवलेलं ठीक आहे, दिसणं फसवं आहे. कॉमाऐवजी टॅब वापरलात तर हा घोटाळा होत नाही, कारण टॅबने मजकुराचे तुकडे दिशेच्या दृष्टीने वेगळे राहतात.

एक्सेलमध्ये मग उलटी गंमत होते. बरोबर केलेली फाइल उघडली की नंबर शुमार ए रकान्यात, म्हणजे डावीकडे दिसतं आणि कागदाशी ताडताना पुन्हा आरसा वाटतो. इथे बरेच जण पुन्हा एकदा रकाने उलटवतात आणि झालेलं काम घालवतात. तसं करू नका. पान उजवीकडून दाखवायची सोय एक्सेलमध्ये आहे. पायथनमधून `openpyxl` ने एक्सेलची फाइल लिहीत असाल तर:

```python
ws.sheet_view.rightToLeft = True
```

यामुळे ए रकाना उजवीकडे जातो, तक्ता कागदासारखा दिसतो आणि आतली माहिती जिथल्या तिथे राहते. ज्यांना उर्दू येते त्यांच्याकडून तपासून घेताना अशीच फाइल द्या.

बरोबर झालं हे कसं ओळखायचं

उर्दू न वाचता दोन गोष्टी तपासता येतात. पहिली, आणे कधीही १५ च्या वर जात नाहीत, कारण १६ आण्यांचा रुपया. आण्यांखाली २० किंवा २५ दिसले तर ते रुपये आहेत. उलट, रुपये लहान असतील तर ही चाचणी गप्प बसते, म्हणून दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची: बेरीज.

अशा यादीच्या पानाखाली बहुधा मीज़ान, म्हणजे एकूण, दिलेली असते. समजा एका पानावर तुमच्या रुपयांची बेरीज ३१ आली आणि आण्यांची ७२. ७२ आणे म्हणजे ४ रुपये ८ आणे, तेव्हा एकूण ३५ रुपये ८ आणे. मीज़ानमध्ये हेच असेल तर पान सुटलं. रकाने अदलाबदल झाले असते तर ७२ रुपये आणि ३१ आणे, म्हणजे ७३ रुपये १५ आणे आले असते. फरक साडेसात रुपयांचा असेल तर मिरजेच्या ओळीसारखी एक ओळ शोधा, कारण ८ आण्यांचे ८ रुपये झाले की एकूण नेमकी ७ रुपये ८ आण्यांनी वाढते. फरक छोटा आणि विचित्र असेल, उदाहरणार्थ दोन-तीन आण्यांचा, तर क्रम ठीक आहे आणि एखादा आकडा चुकीचा वाचला गेलाय.

मीज़ानच्या ओळीत डावी-उजवी घरं एकत्र केलेली असतात, म्हणून ती ओळ वरच्या कोडमधून वगळा आणि हाताने टिपा. नाहीतर ती देणगीदार म्हणून यादीत बसेल आणि बेरीज दुप्पट होईल.

एकच पान घ्या, ज्यात रोख, फक्त आणे आणि धान्य अशा तिन्ही तऱ्हेच्या नोंदी आहेत. त्याच्या रेघा मोजा, घरं कापा, मीज़ानशी बेरीज जुळवा. एकाच छापखान्याच्या अहवालात रेघांमधली अंतरं पानोपानी जवळपास तीच राहतात, फक्त सगळ्या रेघा एकदम थोड्या डावी-उजवीकडे सरकतात. त्यामुळे पुढच्या पानांवर उजवीकडची शेवटची रेघ शोधून `xs` मधले सगळे आकडे तेवढ्याने सरकवले की बऱ्याचदा पुरतं. बेरीज न जुळणारी पानं वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि संशयित घरांची चित्रं उर्दू वाचणाऱ्या कोणाला तरी दाखवा. अख्खं पान द्यायची गरज नाही, रुपये आणि आण्यांची घरं आणि शेजारी कैफ़ियत एवढं पुरे होतं.